बाबांची शौच तपासणी आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. कोणती खरी धरायची?

तुरीचा_तास (14 मे, रात्री 9:40)

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातलं गाव आमचं. बाबा 61 वर्षांचे, खर्रा सोडला तर दुसरं व्यसन नाही, अजून रोज वावरात जातात. गेल्या महिन्यात समाजमंदिरात तपासणी शिबिर झालं, त्यात पन्नाशीवरच्यांना एक छोटी नळी दिली. झाकणाला आतून काडी, काडीच्या टोकाला बारीक खाचा. कागदावर शौच घ्यायची, काडी चार-पाच जागी फिरवायची आणि परत नळीत घालून कट्ट वाजेपर्यंत दाबायची. नळ्या बर्फाच्या डब्यातून नागपूरला गेल्या. आठ दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट आला: शौचातल्या लपलेल्या रक्ताची एफआयटी तपासणी पॉझिटिव्ह, 230 नॅनोग्रॅम प्रति मिलि, कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण करून घ्यावी.

बाबांना त्रास काहीच नाही. भूक आहे, वजन तेवढंच, पोट रोज साफ. ते म्हणतात, शिबिरवाले कोणालाही काहीही लिहून देतात. म्हणून मी परवा तालुक्याच्या लॅबमध्ये पुन्हा तपासायला दिली, ती निगेटिव्ह आली. घरात सगळे खूश. मोठे काका मात्र म्हणतात 230 म्हणजे पुढची स्टेज. मला रात्री झोप नाही. तिसऱ्यांदा तपासून तीनातल्या दोनाचा निकाल धरू का?

ठेचा_भाकर (14 मे, रात्री 10:05)

काऊन घाबरता भाऊ. खर्रा खाते ना तुमचे बाबा? हिरड्यातून रक्त येत असन, तेच पोटात गेलं आन् खाली निंगालं. माया सासऱ्याचं असंच झालं होतं. दाताच्या डॉक्टरले दाखवा पयले. आन् आदल्या दिवशी मटण खाल्लं होतं का, तेबी इचारा त्याइले.

तुरीचा_तास (14 मे, रात्री 10:12)

मटण खाल्लं होतं खरं. पाहुणे आले होते, सावजी रस्सा होता.

काचपट्टी (15 मे, सकाळी 7:20)

31 वर्षं लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आहे, म्हणून सकाळी सकाळी लिहितो.

ठेचाभाऊ, तुमच्या दोन्ही गोष्टी जुन्या तपासणीला लागू होत्या. तेव्हा शौचाच्या ठिपक्यावर रसायन टाकून निळा रंग येतो का पाहायचो. त्या रसायनाला बोकडाचं रक्त, मुळा आणि माणसाचं रक्त यांतला फरक कळायचा नाही. म्हणून तीन दिवस पथ्य सांगावं लागायचं. एफआयटीत प्रतिपिंडं असतात आणि ती फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनाला चिकटतात. सावजी रस्सा कितीही तिखट असो, तो इथे पकडला जात नाही.

हिरड्यांचंही तसंच. ग्लोबिन प्रथिन आहे, डाळीतलं प्रथिन पचतं तसं तेही जठरात आणि लहान आतड्यात पचून त्याचे तुकडे होतात. तोंडातलं किंवा जठरातलं थोडंथोडकं रक्त खाली पोचेपर्यंत ओळखू येण्यासारखं उरत नाही. जे सापडतं ते बहुतेक मोठ्या आतड्यातलं असतं. ही तपासणी त्यासाठीच बनवली आहे.

तुरीचा तास, आता मला हे सांगा. तालुक्याला दुसरा नमुना कशात दिला, केव्हा दिला आणि तो तिथवर कसा गेला?

तुरीचा_तास (15 मे, सकाळी 7:55)

मेडिकलमधून साधी प्लॅस्टिकची डब्बी आणली होती. बाबांनी पहाटे भरून ठेवली. मला पंचायत समितीत काम होतं, डब्बी गाडीच्या डिक्कीत राहिली. दुपारी तीनला लॅबमध्ये दिली. त्यांनी म्हटलं आज गर्दी आहे, उद्या लावतो. रिपोर्टवर नुसतं "ऑकल्ट ब्लड निगेटिव्ह", आकडा नाही.

काचपट्टी (15 मे, सकाळी 8:30)

मेमधली डिक्की! बाहेर 44 अंश, डिक्कीत त्याहून जास्त. शौचातले जिवाणू आणि उष्णता मिळून हिमोग्लोबिन फोडून टाकतात, आणि फुटलेलं ग्लोबिन प्रतिपिंडाला ओळखू येत नाही. रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. शिबिराच्या नळीत जे पाण्यासारखं दिसत होतं ते पाणी नव्हतं, हिमोग्लोबिन टिकवणारा द्रव होता. त्यात नमुना घरातल्या सावलीत काही दिवस टिकतो, फ्रीजमध्ये त्याहून जास्त. इटलीत फ्लॉरेन्सला हा कार्यक्रम चालतो, तिथे उन्हाळ्यात पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण घटतं असं त्यांना दिसलं. तिथला उन्हाळा म्हणजे आपला फाल्गुन.

शिवाय दुसरी तपासणी जुन्या रसायनाची होती की प्रतिपिंडाच्या कार्डाची, हेही रिपोर्टवर नाही. पहिला नमुना नीट घेतलेला, नीट नेलेला, मशीनवर मोजलेला आहे. दुसरा चुकीच्या भांड्यात दीड दिवस शिजलेला आहे. या दोघांचं मत सारखं कसं धरायचं?

हिंजवडीकर (15 मे, सकाळी 11:10)

मी तुरीचा तासचा भाऊ, पुण्याहून. काकांनी घरात फार घाबरवून ठेवलंय म्हणून थोडं वाचलं. इंग्लंडमध्ये सरकार घरोघरी हीच नळी पाठवतं आणि तिथे 2019 मध्ये पॉझिटिव्हची रेषा 120 वर ठेवली. आपला आकडा 230, म्हणजे दुप्पटही नाही.

काचपट्टी (15 मे, दुपारी 12:40)

भाऊ, तुम्ही क्विंटलची किलोशी तुलना करताय. इंग्लंडचे 120 हे एक ग्रॅम शौचात किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन आहे, ते आहेत. तुमच्या रिपोर्टवरचे 230 हे नळीतल्या एक मिलि द्रवात किती नॅनोग्रॅम, ते आहेत.

जी नळी आपल्याकडे जास्त दिसते तिच्यात काडीच्या खाचांत सुमारे 10 मिलिग्रॅम शौच बसते आणि द्रव 2 मिलि असतो. 230 गुणिले 2, म्हणजे 460 नॅनोग्रॅम हिमोग्लोबिन त्या 10 मिलिग्रॅम शौचातून आलं. म्हणजे ग्रॅममागे 46 मायक्रोग्रॅम. दुसऱ्या कंपनीच्या नळीत माप वेगळं असतं, तेव्हा लॅबला फोन करून विचारून घ्या. काचा घासता घासता मला एवढाच हिशेब यायला लागला.

हिंजवडीकर (15 मे, दुपारी 12:58)

मग तर 46 म्हणजे 120 च्या खूप खाली. इंग्लंडमध्ये बाबा निगेटिव्ह! विषय संपला ना?

रात्रपाळी (15 मे, रात्री 11:30)

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे, आत्ता एक प्रसूती आटोपून बसले. विषय संपला नाही.

120 ही रेषा "याच्या खाली धोका नाही" म्हणून आखलेली नाही. 2019 मध्ये इंग्लंडने ही तपासणी सुरू केली तेव्हा जेवढ्या कोलोनोस्कोपी त्यांच्या दवाखान्यांना झेपतील तेवढेच लोक पुढे यावेत, अशा बेताने ती ठेवली. स्कॉटलंडने 80 ठेवली. नेदरलँड्सने 2014 मध्ये 15 वर सुरुवात केली, पॉझिटिव्ह अपेक्षेपेक्षा फार निघाले आणि दुर्बिणीची रांग लांबली, तेव्हा त्याच वर्षी रेषा 47 वर नेली. अमेरिकेत 20 वापरतात, म्हणजे तुमच्या नळीतले 100 नॅनोग्रॅम. तुमच्या लॅबचीही तीच असणार. आतडं तेच आहे, देशागणिक रांग वेगळी आहे. इंग्लंडमध्ये रेषेखाली राहिलेल्यांतही काहींना पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले कोंब असतात, काहींना कॅन्सरही असतो. ते हुकणार हे धरूनच तिथे दोन वर्षांनी पुन्हा नळी पाठवतात.

तुमच्या काकांनाही सांगा की या आकड्यावरून स्टेज कळत नाही. आकडा जितका मोठा तितकी काहीतरी सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच. पॉझिटिव्ह आलेल्या शंभर लोकांची दुर्बिणीने तपासणी केली तर तिकडच्या कार्यक्रमांत साधारण दहाच्या आत कॅन्सर निघतो. पॉलिप मात्र पुष्कळांना निघतात, आणि बऱ्याच जणांना काहीच निघत नाही. आपल्याकडे हा कॅन्सर मुळातच त्यांच्यापेक्षा कमी आहे.

तिसरी नळी नको. पॉलिप रोज रक्त गाळत नाही, आज गाळेल, चार दिवस नाही. पुन्हा केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ त्या दिवशी त्या जागी काडीला रक्त लागलं नाही. पहिल्या दिवशीचं रक्त कुठून आलं हा प्रश्न तसाच उरतो, आणि त्याचं उत्तर दुर्बिणीखेरीज मिळत नाही.

संत्रा_बर्फी (16 मे, सकाळी 9:15)

मला पण हीच टेस्ट करायची आहे, कुठे मिळेल? वय 47. मला मूळव्याध आहे, आठ-नऊ महिने झाले लाल रक्त पडते, मधे झाडपाल्याचं औषध घेतलं तेव्हा थांबलं होतं. आता पुन्हा सुरू आहे. ही टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे नुसती मूळव्याधच आहे असं समजायचं ना?

रात्रपाळी (16 मे, दुपारी 2:20)

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. शिबिरातली नळी ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यातलं लपलेलं रक्त शोधायला असते. तुमचं रक्त डोळ्यांना दिसतंय. नळी पॉझिटिव्ह आली तर नवीन काहीच कळणार नाही, निगेटिव्ह आली तर तुम्ही आणखी सहा महिने घरी बसाल. मूळव्याध कोणी तपासून सांगितली की तुमची तुम्हीच ठरवली? शौचाच्या वेळा बदलल्या का, वजन उतरलं का, हिमोग्लोबिन किती आहे? बोटाने तपासणी तरी झालीय का?

संत्रा_बर्फी (16 मे, दुपारी 2:41)

तपासणी नाही केली, लाज वाटते. मेडिकलवाल्याने मलम दिलं होतं. हिमोग्लोबिन 8.2 होतं दिवाळीत, सिकलसेलमुळे असेल म्हणाले, आमच्या घरात आहे ते.

रात्रपाळी (16 मे, दुपारी 3:05)

सिकलसेलची तुमची स्वतःची तपासणी झालीय का? नुसत्या वाहक असाल तर त्याने हिमोग्लोबिन 8 वर येत नाही. आठ महिने रक्त जातंय आणि हिमोग्लोबिन 8 आहे, तर आधी डॉक्टरांनी बोटाने आणि गुदद्वारात घालायच्या छोट्या नळीने आत पाहायला हवं, लोहाची तपासणी हवी आणि नंतर बहुतेक दुर्बीण. लाजेचं मी समजू शकते. महिला डॉक्टर मागून घ्या, सरकारी दवाखान्यातही मागता येते.

गटप्रवर्तक_ताई (16 मे, रात्री 8:50)

मी आशांच्या कामावर देखरेख करते, म्हणून जरा कडू बोलते. सरकारी कार्यक्रमात आम्ही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी करतो. आतड्याची त्यात नाही. मग असं कोणीतरी येऊन नळ्या वाटून जातं, पॉझिटिव्हचा कागद मोबाईलवर पाठवतं आणि गाडी पुढच्या गावाला. कोलोनोस्कोपी कुठे होते, कोण नेईल, मजुरी बुडेल त्याचं काय, हे आमच्या गळ्यात. माझ्या गटातल्या एका गावात तीन जण पॉझिटिव्ह निघाले, एकही गेला नाही. तिघेही आता फक्त घाबरून आहेत. दुर्बीण नसेल तिथे नळी वाटूच नये, असं माझं मत आहे.

काचपट्टी (16 मे, रात्री 9:30)

ताई, तुमचा राग बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. नळी नसती तर धागाकर्त्याच्या बाबांना कळलंच नसतं.

गटप्रवर्तक_ताई (16 मे, रात्री 9:44)

त्यांना मोबाईलवर धागा काढणारा मुलगा आहे, काका. माझ्या तिघांना नाही.

तुरीचा_तास (17 मे, रात्री 10:20)

बाबांना सगळं वाचून दाखवलं. डिक्कीचं ऐकून हसले, म्हणाले शिजवलंच की रे तू. दुर्बिणीला हो म्हणाले, पण पेरण्या आटपल्यावर. तेवढं थांबलं तर चालेल का?

रात्रपाळी (18 मे, सकाळी 6:40)

पेरणीपर्यंत थांबल्याने फार बिघडत नाही. अमेरिकेत 2017 मध्ये मोठ्या संख्येने लोकांची नोंद तपासली, तेव्हा पॉझिटिव्हनंतर दहा महिन्यांपेक्षा जास्त उशीर झालेल्यांत कॅन्सर आणि पुढची स्टेज जास्त आढळली. एक-दोन महिन्यांनी तसा फरक दिसला नाही. पण मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. पेरणीनंतर डवरणी असते, मग सोयाबीन, मग कापूस वेचणी, मग तूर, आणि मग "आता पुढच्या वर्षीच पाहू". तारीख आत्ताच घ्या, मृग लागायच्या आत.

तुरीचा_तास (11 जून, रात्री 9:05)

झाली एकदाची. जरा सविस्तर लिहितो, पुढे कोणाला लागेल.

पहिल्या तारखेला परत पाठवलं. चूक निम्मी आमची. चिठ्ठीवर "हलका आहार" लिहिलं होतं, समजावून कोणी सांगितलं नाही. आमच्या घरात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी म्हणजे हलकंच. दुर्बीण टाकली तर आत सगळीकडे रेषे आणि बिया, काही दिसेना. डॉक्टरांनी अर्ध्यावर थांबवलं आणि म्हणाले, अर्धवट पाहिलेलं न पाहिल्यासारखंच, दुसऱ्या आठवड्यात या. गाडीभाडं आणि दोन दिवस गेले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

दुसऱ्या वेळी नर्सबाईंनी नीट सांगितलं. तीन दिवस आधीपासून भाकर, पालेभाजी, तीळ, टमाटे, संत्रं बंद. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ पाणी, ताक. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी बंद, कारण त्याने आत काळं चिकट राहतं. आदल्या दिवशी फक्त पातळ, आरपार दिसेल असं. पावडर दोन लिटर पाण्यात, अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे चारला. नर्सबाई म्हणाल्या, शेवटी गोमूत्रासारखं पिवळं स्वच्छ पाणी पडलं पाहिजे, गढूळ पडलं तर आम्हाला आधीच सांगा. हे गावात जमलं नसतं. आमचा संडास अंगणापलीकडे, रात्री लाईट जाते, आणि बाबांना बारा-तेरा वेळा उठावं लागलं. म्हणून आदल्या दिवशीच नागपूरला मावशीकडे गेलो.

आत अर्धा तास लागला. झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, बाबांना काही आठवत नाही. रिपोर्टवर फोटो आहेत, त्यात मोठ्या आतड्याचं अगदी सुरुवातीचं टोक दाखवलंय. डॉक्टर म्हणाले हा फोटो असला म्हणजे दुर्बीण शेवटपर्यंत पोचली. डाव्या बाजूला खाली एक पॉलिप निघाला, 14 मिलिमीटर, देठावर लटकलेला. फोटोत वांग्याच्या कोवळ्या फळासारखा दिसतो, टोकाला लालसर. तारेचा फास टाकून देठातून कापला, तिथल्या तिथे. पोट जोरात दुखलं, ताप आला किंवा रक्त पडलं तर लगेच या म्हणाले, कारण क्वचित आतड्याला छिद्र पडतं आणि कापलेल्या जागेतून काही दिवसांनीही रक्त येऊ शकतं. तसं काही झालं नाही.

तुकड्याचा रिपोर्ट काल आला. ट्युब्युलोव्हिलस अडिनोमा, लो ग्रेड, देठाची कड मोकळी. कॅन्सर नाही.

ठेचा_भाकर (11 जून, रात्री 9:20)

बाप्पा! म्हंजे हिरड्या नोयत्याच. मी आपलं तोंड बंद करतो आता. बाबाइले राम राम सांगा.

काचपट्टी (11 जून, रात्री 10:00)

ठेचाभाऊ, तुमच्या सासऱ्यांची तपासणी कोणती होती, जुनी की एफआयटी? आणि दाताच्या डॉक्टरनंतर पुढे काही केलं का?

रात्रपाळी (12 जून, रात्री 1:15)

छान. 10 मिलिमीटरपेक्षा मोठा आणि व्हिलस भाग असलेला पॉलिप म्हणजे पुढे बिघडण्याची शक्यता असलेला गट. बहुतेक ठिकाणी तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण सांगतात, तुमच्या डॉक्टरांनी तारीख लिहून दिली असेल. मधल्या काळात नळीची तपासणी करत बसू नका, आता तिचं काम संपलं. आणि तुम्ही दोघा भावांनी चाळिशीला आपल्या डॉक्टरांना हे सांगायचं: वडिलांना साठीत मोठा अडिनोमा होता. मोठे काकाही यातच येतात, सख्खे भाऊ ते.

हिंजवडीकर (12 जून, सकाळी 9:30)

काकांना सांगितलं. ते म्हणाले मला 230 वगैरे काही नाही, मी ठणठणीत आहे.

गटप्रवर्तक_ताई (12 जून, सकाळी 10:10)

तुरीचा तास, तुमची पोस्ट छापून घेतली. माझ्या तिघांपैकी एक जण मुगाच्या डाळीचं पाणी ऐकून म्हणाला, एवढंच असेल तर जाऊ. गाडीचं अजून ठरत नाही, पोळा झाल्यावर पाहू म्हणतो. शिबिराबद्दलचं माझं मत तेच आहे.

संत्रा_बर्फी (12 जून, दुपारी 4:30)

मी सेवाग्रामला गेले होते सोमवारी. महिला डॉक्टर होत्या. मूळव्याध आहे म्हणाल्या, पण त्याच्या वर आणखी काहीतरी हाताला लागतंय. पुढच्या बुधवारी दुर्बीण आहे. अंबाडी आजपासूनच बंद केली.